सहा दिवस की तीन? कार्डावरून परस्पर पैसे गेल्यावर तक्रार अधिकाऱ्याला लिहिलेलं पत्र

सांगलीच्या माझ्या वहिनींच्या क्रेडिट कार्डावरून २२ ऑगस्ट २०२५ च्या रात्री पाच मिनिटांत ४६,०९५ रुपये ५० पैसे गेले. एका परदेशी संकेतस्थळावर तीन व्यवहार झाले. ओटीपी आला नाही, कोणाचा फोन आला नव्हता, कार्ड पाकिटातच होतं. तीन आठवड्यांनी बँकेचं उत्तर आलं, की तुम्ही सहा दिवसांनी कळवलंत, म्हणून २९,६१५ रुपये ५० पैसे तुमच्या माथी आणि उरलेले १६,४८० आम्ही परत करू.

वहिनींनी बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र लिहायला घेतलं. दोन पानं झाली होती. आयुष्यभर शिक्षिका म्हणून प्रामाणिकपणे काम केलं, वीस वर्षांचं खातं आहे, एकही हप्ता चुकवला नाही, रात्रीची झोप उडाली आहे, असं सगळं त्यात होतं. मी काही वर्षं एका बँकेत कार्डांच्या तक्रारी पाहायचं काम केलं आहे, म्हणून त्यांनी ते मला पाठवलं. वाचून मी विचारलं, "वहिनी, यात पहिला एसएमएस किती वाजता आला ते कुठंय?" त्या म्हणाल्या, "ते कशाला? बँकेला माहीतच असेल की."

बँकेला माहीत असतं, पण ते बँकेच्या एका यंत्रणेला माहीत असतं. पत्र वाचणाऱ्या माणसासमोर त्या दिवशी अशा पुष्कळ तक्रारी असतात. झोप उडाल्याचं वाचून त्याला वाईट वाटेल, पण त्यावर निर्णय देता येत नाही. त्याला एकच गोष्ट ठरवायची असते, ती म्हणजे नुकसान कोणी सोसायचं. आणि ते ठरतं मुख्यतः तारखांवर.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी एक परिपत्रक काढलं. ग्राहकाच्या परवानगीशिवाय इलेक्ट्रॉनिक व्यवहार झाला तर त्याची जबाबदारी किती, हे त्यात आखून दिलं. गाभा असा. चूक बँकेची असेल तर ग्राहकाचं नुकसान शून्य, त्याने कधी कळवलं याला महत्त्व नाही. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, मधल्याच कुठल्या तरी यंत्रणेतून कार्डाची माहिती फुटली असेल, तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं की नुकसान शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर मर्यादित. साध्या बचत खात्याला किंवा पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डाला ही मर्यादा १०,००० रुपये. सात दिवसांनंतर काय करायचं, ते प्रत्येक बँकेच्या संचालक मंडळाने मंजूर केलेल्या धोरणावर. आणि ओटीपी, पिन ग्राहकानेच कोणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं; कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं.

यातल्या १०,००० च्या आकड्यावर बरेच जण गाफील राहतात. ही मर्यादा दर व्यवहाराला आहे, सगळ्या प्रकरणाला मिळून नाही. वहिनींचे व्यवहार होते १८,२४० रुपयांचे दोन आणि ९,६१५ रुपये ५० पैशांचा एक. पहिल्या दोन्हींचे दहा-दहा हजार, तिसरा मर्यादेच्या आतला म्हणून पूर्ण. बेरीज २९,६१५ रुपये ५० पैसे. म्हणजे बँकेचं गणित बरोबर होतं, दिवसांची मोजणी चुकली होती.

ती मोजणी कशी करायची तेही परिपत्रकात आहे. ज्या दिवशी संदेश मिळाला तो दिवस सोडून द्यायचा आणि ग्राहकाच्या मूळ शाखेचे कामकाजाचे दिवस मोजायचे. दिनदर्शिका काढून बसलो. २२ ऑगस्ट, शुक्रवार, हा संदेशाचा दिवस, तो सोडला. २३ तारखेला चौथा शनिवार, बँका बंद. २४ रविवार. सोमवार २५ हा पहिला दिवस, मंगळवार २६ हा दुसरा. बुधवारी २७ ला गणेश चतुर्थी, महाराष्ट्रात बँकांना सुट्टी. गुरुवार २८ ऑगस्ट हा तिसरा दिवस. वहिनींनी घरच्या गणपतीची धावपळ आटोपून डिस्प्यूट फॉर्म, म्हणजे व्यवहार आपले नसल्याचं कळवायचा बँकेचा अर्ज, ईमेलने पाठवला तो नेमका २८ तारखेला, दुपारी. बँकेत कोणीतरी २८ मधून २२ वजा करून सहा दिवस काढले होते. (मूळ शाखा पणजीची असती तर आणखी एक दिवस मिळाला असता, तिथं २८ लाही सुट्टी होती.)

दुसरा मुद्दा त्याहून मोठा निघाला. मी विचारलं, "शनिवारी सकाळी तुम्ही हेल्पलाइनला फोन केला होता ना?" केला होता. सकाळी सहा वाजून एक्केचाळीस मिनिटांनी. कार्ड लगेच बंद झालं आणि एसएमएसने विनंती क्रमांकही आला. "मग तक्रार तेव्हाच झाली की," वहिनी म्हणाल्या. तिथंच घोटाळा होता. तो क्रमांक होता कार्ड बंद करण्याच्या विनंतीचा. व्यवहार मी केलेले नाहीत, ही तक्रार फोनवर नोंदलीच गेली नव्हती. फोनवरच्या मुलाने सांगितलं होतं, "मॅडम, फॉर्म भरून पाठवा." बँकेच्या नोंदीत तक्रारीची तारीख पडली ती फॉर्मची.

हा प्रकार मी टेबलाच्या पलीकडे बसून फार वेळा पाहिला आहे. ग्राहकाला वाटतं एक फोन म्हणजे एक तक्रार. बँकेच्या यंत्रणेत कार्ड बंद करणं हे एक काम, वादग्रस्त व्यवहार नोंदवणं हे दुसरं, आणि दोन्हींचे क्रमांक वेगळे. फोन ठेवण्याआधी विचारायचं, "हा क्रमांक कार्ड बंद केल्याचा आहे की व्यवहारांच्या तक्रारीचाही?" एकच आला असेल तर दुसरा मागायचा. पण मागितला नाही म्हणून हक्क बुडत नाही. बँकेला कळवायचं एवढंच नियमात आहे, अमुक फॉर्मवर कळवायचं असं नाही. वहिनींनी फोनवर तिन्ही रकमा सांगितल्या होत्या, आणि तो फोन ध्वनिमुद्रित झालेला असतो.

आता पत्रात घालायच्या क्रमांकांबद्दल. क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये व्यवहाराची एक तारीख असते आणि तो खात्यात चढल्याची दुसरी. वहिनींचे व्यवहार झाले २२ ला, स्टेटमेंटमध्ये चढले २५ ला. पत्रात एक आणि फॉर्मवर दुसरी तारीख गेली की कारकून "व्यवहार आढळत नाही" असं लिहून मोकळा होतो. म्हणून दोन्ही लिहायच्या. कार्डाच्या व्यवहाराला एआरएन नावाचा २३ अंकी क्रमांकही असतो. दुकानदाराच्या बँकेपर्यंत व्यवहाराचा माग त्यावरून लागतो. तो काही स्टेटमेंटांवर छापलेला असतो, नसेल तर बँकेकडे मागता येतो. वहिनींच्या स्टेटमेंटवर नव्हता. मग आम्ही तो पत्रातच मागितला. कार्डाचे मात्र शेवटचे चार अंकच लिहायचे. पूर्ण क्रमांक, मागचे तीन अंक, पिन यातलं काहीही तक्रारीच्या पत्रात नको.

रकमेतही एक छोटी गोष्ट सुटते. परदेशी व्यवहारावर बँक परकीय चलनाचं शुल्क लावते. या कार्डाला ते साडेतीन टक्के होतं, म्हणजे १,६१३ रुपये ३४ पैसे, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २९० रुपये ४० पैसे. दोन्ही मिळून १,९०३ रुपये ७४ पैसे. स्टेटमेंटमध्ये हे वेगळ्या ओळींवर असतात, त्यामुळे फॉर्मवर कोणी लिहीत नाही. मागणी ४६,०९५.५० ची नव्हे, ४७,९९९.२४ ची करायची.

पत्र झालं ते असं. नावं आणि क्रमांक बदलले आहेत, तारखा खऱ्या ठेवल्या आहेत.

दिनांक : १६ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. प्रधान नोडल अधिकारी,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : क्रेडिट कार्ड (शेवटचे अंक ४०१८) यावरील ३ अनधिकृत व्यवहार; तक्रार क्र. ५५२०९१ वरील दि. १२ सप्टेंबर २०२५ च्या निर्णयाविरुद्ध दाद.

महोदय,

वरील कार्डावर दि. २२ ऑगस्ट २०२५ रोजी झालेले पुढील तीन व्यवहार मी केलेले नाहीत आणि इतर कोणालाही करू दिलेले नाहीत. रात्री ११.४७ वा. १८,२४० रु.; रात्री ११.४९ वा. १८,२४० रु.; रात्री ११.५२ वा. ९,६१५.५० रु. वेळा आपल्या एसएमएसमधील आहेत. स्टेटमेंटमध्ये हे तिन्ही व्यवहार दि. २५ ऑगस्ट रोजी चढवलेले दिसतात. त्यांवर १,६१३.३४ रु. परकीय चलन शुल्क आणि २९०.४० रु. जीएसटी आकारला आहे. एकूण वादग्रस्त रक्कम ४७,९९९.२४ रु.

मी दि. २३ ऑगस्ट रोजी सकाळी ६.४१ वाजता माझ्या नोंदणीकृत मोबाइलवरून आपल्या हेल्पलाइनला फोन करून हे तिन्ही व्यवहार माझे नसल्याचे सांगितले. त्याच वेळी कार्ड बंद करण्यात आले (विनंती क्र. ८१३३४६०). दि. २८ ऑगस्ट रोजी दुपारी २.१५ वाजता डिस्प्यूट फॉर्म ईमेलने पाठवला (तक्रार क्र. ५५२०९१). त्याच दिवशी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली; पोचपावती जोडली आहे.

आपल्या उत्तरात मी सहा दिवसांनी कळवले असे म्हटले आहे. ते दोन कारणांनी चुकीचे आहे. पहिले, मी दि. २३ ऑगस्ट रोजीच फोनवर कळवले होते. त्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण जपून ठेवावे आणि निर्णयाआधी ऐकावे, ही विनंती. दुसरे, दि. २८ ऑगस्ट ही तारीख धरली तरी संदेशाचा दिवस, चौथा शनिवार (२३), रविवार (२४) आणि गणेश चतुर्थी (२७) वगळता तो माझ्या मूळ शाखेच्या कामकाजाचा तिसरा दिवस होता. रिझर्व्ह बँकेच्या दि. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार माझी जबाबदारी शून्य आहे.

कार्डाचा तपशील गोपनीय ठेवणे ही ग्राहकाची जबाबदारी असल्याचेही आपण लिहिले आहे. मी तपशील कोणाला दिल्याचा पुरावा उत्तरात नाही. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार त्याच परिपत्रकानुसार बँकेवर आहे. या व्यवहारांना ओटीपी पाठवला होता का, असल्यास कोणत्या क्रमांकावर आणि किती वाजता, हे कळवावे. तिन्ही व्यवहारांचे एआरएन कळवावेत.

माझी मागणी अशी : ४७,९९९.२४ रु. व्यवहाराच्या तारखेपासून अंमल धरून जमा करावेत. कळवल्यापासून कामकाजाच्या १० दिवसांत करावयाची तात्पुरती जमा अद्याप झालेली नाही, ती त्वरित करावी. वादग्रस्त रकमेवर व्याज किंवा विलंब शुल्क लावू नये. मागणी पूर्णतः वा अंशतः नाकारल्यास प्रकरण अंतर्गत लोकपालाकडे पाठवले होते का, ते उत्तरात नमूद करावे.

सोबत : एसएमएसच्या तीन प्रतिमा, कॉलच्या नोंदीची प्रतिमा, स्टेटमेंटचे पान, दि. २८ ऑगस्टचा ईमेल, दि. १२ सप्टेंबरचे उत्तर, सायबर पोर्टलची पोचपावती.

आपली विश्वासू,

एवढंच. एका पानाला चार ओळी जास्त. वहिनींची वीस वर्षं त्यात नाहीत, याचं त्यांना थोडं वाईट वाटलं.

ओटीपीबद्दलचा प्रश्न मुद्दाम घातला होता. देशातल्या ऑनलाइन कार्ड व्यवहाराला २००९ पासून दुसरी पडताळणी, म्हणजे आजचा ओटीपी, सक्तीची आहे. पण परदेशी दुकानदाराच्या संकेतस्थळावर नुसता कार्ड क्रमांक, मुदत आणि मागचे तीन अंक टाकून व्यवहार पार पडू शकतो. असे व्यवहार मुळात कार्डावर चालू असावे लागतात, आणि वहिनींनी ते लेकीकडे परदेशी गेल्या तेव्हा स्वतः ॲपमधून चालू केले होते. परत आल्यावर बंद करायचं राहून गेलं. बँक त्यालाच निष्काळजीपणा म्हणेल अशी त्यांना धास्ती होती. पण सुविधा चालू असणं म्हणजे कोणाला तपशील सांगणं नव्हे. आम्ही पत्रात त्याचा उल्लेख केला नाही, आणि विचारलं असतं तर खरं तेच सांगणार होतो. अशा पत्रात खोटं लिहिणं महागात पडतं. ओटीपी कुठल्या क्षणी कुठे गेला आणि कुठल्या उपकरणावरून टाकला गेला याच्या नोंदी बँकेकडे असतात. तुम्ही ओटीपी सांगून बसला असाल, तर वरचं पत्र तुमच्या कामाचं नाही. तिथं भांडण निराळं असतं. कळवल्यानंतरही पैसे गेले का आणि गेले असतील तर किती, एवढ्यावरच ते लढता येतं. आणि अशा वेळी पत्राआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करणं जास्त उपयोगी, कारण रक्कम पुढच्या खात्यात अडकवता आली तर ती पहिल्या काही तासांतच.

तात्पुरत्या जमेबद्दलही नीट समजून घ्या. कामकाजाच्या दहा दिवसांत बँकेने वादग्रस्त रक्कम खात्यात जमा दाखवायची असते, पण तो निकाल नव्हे. बचत खात्यात ती दिसते, तरी बहुधा काढता येत नाही. अंतिम निर्णयाला जास्तीत जास्त ९० दिवस. वहिनींच्या बाबतीत २३ ऑगस्टपासून मोजलं तर २१ नोव्हेंबर. तोवर निर्णय झाला नाही, तर परिपत्रकातल्या तरतुदीप्रमाणे ग्राहकाला भरपाई द्यावीच लागते.

मधल्या काळात कार्डाचं बिल येतं, आणि इथं माणसं दोन टोकांच्या चुका करतात. कोणी भीतीने सगळं भरून टाकतं, कोणी रागाने काहीच भरत नाही. वादग्रस्त रक्कम वगळून बाकीचं बिल मुदतीत पूर्ण भरायचं. फसवणूक म्हणून नोंदवलेल्या व्यवहारावर वाद मिटेपर्यंत कसलंही शुल्क लावायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेच्या कार्डांबाबतच्या २०२२ च्या निर्देशात होतं. पण किराण्याचे आणि पेट्रोलचे पैसे तुम्ही थकवले, तर त्यांवर लागलेलं व्याज कोणी माफ करणार नाही.

पत्र पाठवायचं कुठं? बँकेच्या संकेतस्थळावर तक्रार निवारणाच्या पानावर अधिकाऱ्यांच्या पायऱ्या दिलेल्या असतात. बहुतेक ठिकाणी आधी हेल्पलाइन किंवा शाखा, मग विभागीय नोडल अधिकारी, शेवटी प्रधान नोडल अधिकारी. पायरी चुकली की पत्र खाली ढकललं जातं आणि आठवडा जातो, म्हणून आधीच्या पायरीचा तक्रार क्रमांक विषयातच घालायचा. आम्ही ईमेल केला आणि तेच पत्र स्पीड पोस्टनेही पाठवलं. शाखेत हाती दिलं तर प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय हलू नये. मराठीत लिहिलेलं चालतं. तक्ता जोडायचा असेल तर रकमा आणि वेळा इंग्रजी अंकांत दिल्या की मुंबई-चेन्नईच्या टेबलावरचं काम सोपं होतं.

बँकेकडे पहिली तक्रार पोचल्यापासून ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनामूल्य तक्रार करता येते. तिथंही हेच पत्र जोडायचं. आधी बँकेला न लिहिता थेट तिकडे गेलं तर तक्रार परत येते.

एक सूचना मात्र द्यायला हवी. २०१७ चं हे परिपत्रक वहिनींच्या पत्राच्या वेळी त्याच नावाने लागू होतं. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस रिझर्व्ह बँकेने हजारो जुनी परिपत्रकं मागे घेऊन त्यांतला मजकूर नव्या एकत्रित निर्देशांत घातला. त्यामुळे आज लिहिताना वरची तारीख जशीच्या तशी उतरवू नका. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांतल्या ग्राहकाच्या जबाबदारीबद्दलचा चालू निर्देश काढा, त्यातली मुदत आणि मर्यादा वाचा आणि त्याचंच नाव लिहा. तुमच्या बँकेचं स्वतःचं धोरणही तिच्या संकेतस्थळावर असतं. ते रिझर्व्ह बँकेपेक्षा उदार असेल तर त्याचाच आधार घ्या.

वहिनींच्या खात्यात २४ सप्टेंबरला तात्पुरती जमा दिसली. ऑक्टोबरच्या मध्यावर पत्र आलं, की ध्वनिमुद्रण तपासलं, २३ ऑगस्टला कळवल्याचं मान्य आहे, जमा कायम करत आहोत. सुट्ट्यांच्या मोजणीचा त्यात उल्लेखही नव्हता; फोनवरच काम झालं होतं. रक्कम होती ४६,०९५ रुपये ५० पैसे. शुल्क आणि जीएसटी विसरले होते. वहिनींनी या वेळी मला न विचारता दोन ओळींचा ईमेल केला, "माझ्या १६ सप्टेंबरच्या पत्रातील पहिला परिच्छेद पाहावा. १,९०३.७४ रु. येणे बाकी आहेत." आठ दिवसांनी तेही आले.